आधी डोकं आणि शेपूट बघा

> ‘दिवाळी अंकाचा लेख ३००० शब्दांचा झालाय, संपादक २५०० मागतायत. मधले किस्से उडवू का?’

किस्से राहू द्या. मधला परिच्छेद काढला की पुढचं ‘त्यामुळे’ आणि ‘वर म्हटल्याप्रमाणे’ लटकतं, मग सांधे पुन्हा जुळवत बसावं लागतं. दोन्ही टोकांना ती कटकट जवळपास नसते.

समजा लेख विहिरींवर आहे. सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’, मग सिंधू संस्कृती, मग ‘आजच्या धावपळीच्या युगात’. चौथ्या परिच्छेदात येतं: ‘आमच्या गावची विहीर १९७२च्या दुष्काळात खणली.’ गाव, साल, घटना असलेलं हे पहिलं वाक्य. लेख इथून सुरू करा. (वरचं सगळं आपण लिहायला हात बसावा म्हणून लिहितो, वाचकाला ते नको असतं.) फक्त एक तपासा: कापलेल्या भागात कुणाची ओळख करून दिली होती का? नाहीतर पुढे ‘अण्णा’ अचानक उगवतात.

शेवटी ‘थोडक्यात’, ‘एकंदरीत पाहता’ शोधा. तिथपासून प्रत्येक वाक्याला विचारा, हे आधी आलंय का? आलं असेल तर उडवा. पण त्या ढिगात एखादी नवी गोष्ट दडलेली असते, उदाहरणार्थ विहीर यंदा पुन्हा उपसली. ती उचलून योग्य जागी वर न्या.

अहवाल किंवा शोधनिबंध असेल तर शेपटाला हात लावू नका, तिथे बरेच जण निष्कर्षच आधी वाचतात.