दुसरा मेसेज कसा लिहावा

> सांगलीच्या कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणीला आठवड्यापूर्वी व्हॉट्सॲपवर 'हाय, कशी आहेस?' पाठवलं. अजून उत्तर नाही. परत लिहिलं तर मी रुसलेय असं वाटेल का?

आधी खुणा बघा. एकच टिक असेल तर मेसेज तिच्या फोनपर्यंत पोचलेलाच नाही. नंबर बदलला असेल, त्यामुळे सांगलीतल्या एखाद्या मैत्रिणीकडून खात्री करून घ्या. दोन राखाडी टिक असतील तर तो पोचलाय, पण वाचला की नाही ते कळत नाही, कारण निळी टिक बंद ठेवता येते.

माझ्या मते अडचण 'कशी आहेस?' या प्रश्नातच आहे. इतक्या वर्षांनी त्याला एका ओळीत काय उत्तर द्यायचं? माणूस 'निवांत लिहू' म्हणतो आणि ते राहून जातं.

म्हणून दुसऱ्या मेसेजमध्ये पहिल्याचा उल्लेखच नको. 'बिझी दिसतेस', 'विसरलीस वाटतं', नुसती प्रश्नचिन्हं, यातलं काहीही नको. पहिला मेसेज डिलीटही करू नका. आठवडा उलटल्यावर तो तिच्या फोनवरून डिलीट होतही नाही. असं काही लिहा:

'आज विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजवरून गेले, तुझी आठवण झाली. दिवाळीत सांगलीला येणार आहेस का? आलीस तर भडंग खायला घरी ये. सवडीनं सांग.'

इथे आठवणीला कारण आहे आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच द्यायचंय. 'सवडीनं सांग' शेवटीच हवं. सुरुवातीला आलं तर टोमणा वाटतो.

यावरही उत्तर आलं नाही तर तिसरा लगेच नको. तिच्या वाढदिवसाला शुभेच्छा द्या, प्रश्न न विचारता.