मदत हवी आहे: बोलून घेतलेल्या नोंदींचा सारांश करताना अर्थ कसा टिकवावा?

विहिरींच्या पाहणीत मी फोनवर मराठीत बोलून नोंदी घेतो आणि त्या विरामचिन्हांविना सलग उतरतात. एआयकडून परिच्छेद, मथळे व एका ओळीचे सारांश करून घेतले, तर मांडणी चांगली होते. पण ‘पाणी बारा फुटांवर, नाही, अठरा फुटांवर’ यातून कधी बाराच उरते आणि ‘बहुतेक पाझरतंय’चे ‘पाझरते’ होते, म्हणजे शंकाच नाहीशी होते. म्हणून आता आधी केवळ विरामचिन्हे घालून घेतो, ती काढून मजकूर मुळाशी ताडतो आणि मगच मथळे व सारांश मागतो. तरीही सारांशात चूक परत येते. ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही आणि नोंदी मराठीतच हव्या आहेत. बोलताना केलेली दुरुस्ती स्वीकारली जावी, पण ‘बहुतेक’सारखे शब्द सारांशातही टिकावेत, यासाठी सूचना नेमकी कशी लिहावी?