बिल दाखवले तरी ड्युटी दुप्पट कशी?

पुणेरी_प्रवासी: «जे लोक कस्टम्सच्या नावाने रडतात, ते बहुतेक स्वतःच लबाडी करणारे असतात. मर्यादेपेक्षा जास्त सामान आणले तर बिल दाखवावे, ड्युटी भरावी आणि घरी जावे. वाद घालण्यासारखे त्यात काय आहे?»

लेन्सवाला: वाद घालण्यासारखे काय असते ते सविस्तर सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये दुबईहून परतताना मी कॅमेऱ्याची एक लेन्स आणली होती. तिचे बिल आपल्या चलनात 80,000 रुपयांचे होते आणि मी स्वतःहून रेड चॅनलमध्ये जाऊन ते टेबलावर ठेवले. त्या वेळच्या 50,000 च्या मर्यादेप्रमाणे उरलेल्या 30,000 वर 38.5 टक्के, म्हणजे 11,550 रुपये, हा हिशोब मी विमानातच करून ठेवला होता. अधिकाऱ्यांनी मोबाइलवर एका भारतीय दुकानाची साइट उघडली, त्यावर 1,10,000 दिसले आणि त्यांनी 23,100 रुपये मागितले. त्या भारतीय किमतीत आयातकर, जीएसटी आणि इथल्या व्यापाऱ्याचा नफा आधीच धरलेला असतो; म्हणजे ज्या किमतीत कर मिसळलेला आहे, तिच्यावरच पुन्हा कर लावला जात होता. अर्धा तास हुज्जत घातल्यावर मंडईत भाव ठरावा तसे «बरं, 95,000 धरू» असे झाले आणि मी 17,325 भरून बाहेर पडलो. 95,000 हा आकडा कुठून आला, याचा पावतीवर एका शब्दानेही उल्लेख नाही. यात माझी लबाडी कोणती?

मस्कतकर: तुमचा हिशोबच चुकला आहे. मर्यादा ओलांडली की ड्युटी पूर्ण किमतीवर लागते. मी मस्कतहून टीव्ही आणला, तेव्हा एक रुपयाचीही सूट मिळाली नाही आणि माझ्या बिलाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

निवृत्त_हवालदार: मस्कतकर, तुमचा अनुभव खरा असला तरी तो फक्त टीव्हीला लागू होतो, कारण सपाट पडद्याचे टीव्ही ऑगस्ट 2013 पासून मोफत मर्यादेच्या बाहेरच आहेत. लेन्सवर मर्यादेच्या वरच्या भागावरच ड्युटी लागते, त्यामुळे लेन्सवाल्यांचे गणित बरोबर आहे. मात्र अधिकाऱ्याला शंका येण्याचेही कारण असते. नोकरीत असताना मी अशी बिले पाहिली आहेत ज्यांत वस्तू नवी कोरी असूनही किंमत निम्मी लिहिलेली असे, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला विचारूनच ती लिहीत असे. म्हणून बिलावर वस्तूचा सिरियल नंबर असावा, कार्डाने पैसे दिल्याची स्लिप सोबत असावी आणि शक्य तर तिकडच्या दुकानाच्या साइटवरची किंमतही दाखवावी. तिन्ही जुळल्यावर भारतीय किमतीचा आधार घेणे अवघड जाते. तुमच्या बिलावर नंबर होता का?

लेन्सवाला: बिलावर नव्हता, खोक्यावर होता. हे मान्य करतो. परंतु तसे होते तर माझे बिल का नाकारले ते लेखी सांगायला हवे होते.

निवृत्त_हवालदार: मागायला हवे होते. तुम्ही घासाघीस केलीत आणि पावती घेऊन निघालात, तिथेच बाजू कमकुवत झाली. लेखी आदेश मागून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. तिथे हरलात तर बॅगेजच्या प्रकरणात न्यायाधिकरणाचा रस्ता नाही, केंद्र सरकारकडे पुनरीक्षण मागावे लागते. नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही, कारण आकारणीलाच आव्हान दिल्याशिवाय परतावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच म्हटले आहे.

वहिनी_शारजावाल्या: लेन्स राहू द्या, सोन्याचे बोला! 2016 च्या नियमांत परदेशी वर्षभराहून अधिक राहिलेल्या बाईला 40 ग्रॅम दागिने, पण किमतीची मर्यादा 1,00,000. भागाकार करा, ग्रॅमला 2,500 रुपये होतात. 2024 च्या अखेरीस भाव 7,000 च्या वर होता, म्हणजे जेमतेम 14 ग्रॅम. चाळीस हा आकडा फक्त कागदावर होता. माझ्या हातातल्या पाटल्या लग्नातल्या होत्या, तरी त्या उतरवून काट्यावर ठेवायला लावल्या. लग्नाच्या पाटल्यांची पावती वीस वर्षे कोण जपून ठेवते?

पुणेरी_प्रवासी: जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता.

वहिनी_शारजावाल्या: पहाटे तीनच्या विमानाला दोन लेकरे कडेवर घेऊन तुम्ही आधी ते घेऊन दाखवा, मग उपदेश करा.

मस्कतकर: दागिन्यांना तरी तेव्हा 14 ग्रॅम सुटत होते, टीव्हीला काहीच नाही.

वहिनी_शारजावाल्या: टीव्ही कोणी हातात घालून फिरत नाही, भाऊ.

पुणेरी_प्रवासी: ठीक आहे, पाटल्यांचे माझे विधान मागे घेतो आणि सगळेच लबाड असतात असेही म्हणत नाही. पण लेन्सवाले, 17,325 आणि 11,550 यांतला फरक 5,775 रुपयांचा आहे. तेवढ्यासाठी तुम्ही खरेच अपील करणार आहात का?

लेन्सवाला: 60 दिवस कधीच उलटले, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी सोयीच्या वेळी आला आहे. पुढच्या वेळी बिलावर नंबर लिहून घेईन. पण तरीही साइटवरची किंमत पुढे केली, तर त्यातून कर वजा करून द्या असे मी तिथेच म्हणणार.

निवृत्त_हवालदार: म्हणा. मात्र त्या रांगेत तुमच्यामागे चाळीस माणसे उभी असतील, याची मनाची तयारी ठेवा.