मदत हवी आहे: शनी एकच, मग आतेभावाला फ्लॅट आणि मला धक्के का?

डोंगरवेडा: मी आणि आतेभाऊ एकाच दिवशी जन्मलो, ऑगस्ट १९९१. दोघांची तूळ रास, स्वाती नक्षत्र, दोघांना शनीची महादशा. त्याने २०२३ मध्ये फ्लॅट घेतला, माझी धंद्यातली भागीदारी मोडली, लग्न दोनदा ठरून फिसकटलं. गुरुजी म्हणतात तुळेला शनी कारक. मग माझंच घोडं कुठे अडलं? लवकर सांगा.

सुहास_ठाणे: साडेसाती, दुसरं काय. शनिवारी मारुतीला तेल घाला.

पंचांगी: तुळेची साडेसाती २०१७ मध्येच संपली. डोंगरवेडा, रास बाजूला ठेवा. जन्मवेळा आणि लग्नरास द्या, शनी कुठे आहे तेही.

डोंगरवेडा: मी पहाटे साडेचार, तो सकाळी अकरा. माझं कर्क लग्न, त्याचं तूळ. शनी दोघांचा मकरेत. पण दिवस एकच ना?

पंचांगी: दिवस एक, पण घरं बदलली. शनीच्या राशी मकर आणि कुंभ. तूळ लग्नाकडून मोजा, चौथी आणि पाचवी. केंद्र आणि त्रिकोण एकाच ग्रहाकडे आले, म्हणून तो कारक. कर्केकडून त्याच राशी सातव्या-आठव्या येतात. त्रिकोण नाही, वर अष्टम गळ्यात. तुमची पडझड भागीदारी आणि लग्नातच झाली, दोन्ही सप्तमाचे विषय.

मृगनयनी: अगदी! माझं वृषभ लग्न. 'गुरू आहे, काळजी नको' ऐकत सोळा वर्षं काढली. अष्टमेश आणि लाभेश निघाला, दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या.

सुहास_ठाणे: पण मकरेचा शनी सप्तमात म्हणजे स्वगृही, केंद्रात, वर दिग्बली. शश योग झाला की! वाईट कसा म्हणता?

पंचांगी: योग आहे, नाकारत नाही. लग्न उशिरा पण टिकाऊ, असं मी वाचेन. मात्र शनीची मूलत्रिकोण रास कुंभ, ती यांच्या अष्टमात. तो भार आधी उतरतो.

सुहास_ठाणे: हे काही पटलं नाही.

पंचांगी: नका पटवून घेऊ. डोंगरवेडा, तुमची महादशा कधी लागली?

डोंगरवेडा: २०२३. त्याचीही तेव्हाच असणार.

पंचांगी: नाही हो. साडेसहा तासांत चंद्र साडेतीन अंश सरकतो, तेवढ्यात राहूची शिल्लक साडेचार-पाच वर्षांनी घटते. त्याची २०१८-१९ च्या सुमारास लागली. फ्लॅट घेतला तेव्हा शनीत बुध चालू असणार, आणि तुळेला बुध भाग्येश. तुमची सुरुवातच शनीत शनीने झाली, ती तीन वर्षं चालते. तुलनाच चुकतेय.

डोंगरवेडा: एका सराफाने नीलम सुचवलाय, घालू?

सुहास_ठाणे: घाला, मला लाभला.

मृगनयनी: तुमचं लग्न कोणतं, सुहास?

पंचांगी: कर्क लग्नाला अष्टमेशाचं बळ कशाला वाढवता? पंचमेश-दशमेश मंगळ तुमचा कारक. तो कुठे बसलाय?

डोंगरवेडा: पत्रिका घरी आहे, रात्री टाकतो.