«प्राप्त झाल्यापासून ३० दिवसांत»: 143(1) च्या पत्रातलं हे वाक्य मराठीत कसं लिहायचं?

वर्धाकाठ
शिक्षकांच्या पतसंस्थेसाठी आयकराच्या 143(1) सूचनापत्राचा मराठी नमुना करते आहे. उदाहरण जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाचं आहे, असेसमेंट इयर 2024-25. पगारात वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता आला, त्यावर कलम 89 ची सवलत विवरणपत्रात घेतली, पण फॉर्म 10E भरलाच नाही. सवलत नाकारून ₹१८,४६० भरायला सांगितले आहेत. मूळ मजकुरात शेवटी «विदिन थर्टी डेज ऑफ रिसीट ऑफ धिस इंटिमेशन» असं आहे. मी «हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत» असं केलं. वाचून दाखवलं तर दोघांनी विचारलं, «म्हणजे प्रिंट हातात आली तेव्हापासून नं?» शब्द कुठे चुकला?

पळसबन
ताई, «मिळाल्यापासून» काढून «बजावल्यापासून» घाला. कलम 220(1) मध्ये मुदत नोटीस बजावल्यापासून मोजतात. आपल्याकडे तहसील आणि पोलीस ठाण्यात «तामील» म्हणतात, तेही चालेल.

पैनगंगा
कायद्याबद्दल पळसबन यांचं बरोबर आहे. 143(1) च्या पत्रात रक्कम निघाली तर ते पत्रच कलम 156 ची मागणी नोटीस समजलं जातं आणि ती बजावल्यापासून ३० दिवसांत भरायची असते. पण इथे अनुवाद पत्राचा आहे, कायद्याचा नाही. पत्रात «रिसीट» असेल तर मराठीत «प्राप्त झाल्यापासून» हेच यायला हवं. कायद्यातला शब्द पत्रात घातला तर शिक्षक मूळ पत्र शेजारी ठेवून पाहतील तेव्हा दोन कागद जुळणार नाहीत. शिवाय «बजावली» म्हटलं की गावात शिपाई घरी येऊन सही घेतो असंच डोळ्यापुढे येतं. सही घेतली नाही म्हणजे बजावलीच नाही, असं समजून माणूस निवांत बसेल.

खरी अडचण क्रियापदाची नाहीच. पत्र ईमेलने येतं आणि ते नोंदवलेल्या पत्त्यावर पोचलं की प्राप्त झालं. उघडलं कधी, प्रिंट कधी काढली, याने तारीख हलत नाही. हे वाक्यात कोंबू नका, खाली «अनुवादकाची टीप» अशी वेगळी ओळ द्या: «ही मुदत नोंदणीकृत ईमेलवर पत्र आलेल्या तारखेपासून मोजावी.»

सेतू_घाटंजी
आमच्याइकडे अर्ध्या मास्तरायचा ईमेल विवरणपत्र भरून देनाऱ्याचाच असते. पत्र त्याच्याकडे पडून रायते, मास्तरले दोन महिन्यानं समजते. अन् एक सांगा, मागच्या साली एका मास्तरले नोटीस आली तं तेथ १५ दिवस लिवले होते. तुमी ३० कोठून आनले?

पैनगंगा
भाऊ, ती बहुधा 139(9) ची असेल, सदोष विवरणपत्राची. ती वेगळी नोटीस. तिथे दोष कळवल्याच्या तारखेपासून १५ दिवस असतात आणि पैसे नाही, विवरणपत्र दुरुस्त करून द्यायचं असतं. आणखी एक घोळ 143(1)(a) चा होतो. ते रक्कम बदलण्याआधीचं पत्र, «आम्ही असा फेरबदल करणार आहोत, तुमचं म्हणणं सांगा» एवढंच. त्यालाही ३० दिवस, पण पत्र जारी झाल्यापासून, आणि तेव्हा पैसे भरायचे नसतात, उत्तर द्यायचं असतं. म्हणून ताई, दोन्ही पत्रांना एकच साचा वापरू नका. एकात «जारी केल्यापासून» आणि «प्रतिसाद», दुसऱ्यात «प्राप्त झाल्यापासून» आणि «भरणा».

वर्धाकाठ
मग 143(1)(a) चं मराठीत 143(1)(क) करायचं की (अ)? दोन्ही पाहण्यात आलं.

पैनगंगा
दोन्ही नको. पोर्टलवर माणूस 143(1)(a) हेच शोधणार. कलम, डीआयएन, फॉर्मचं नाव आणि असेसमेंट इयर पत्रात दिसतं तसंच ठेवा. बाकी आकडे देवनागरीत खुशाल लिहा. कलमाच्या पुढे «आयकर अधिनियम, 1961» हे मात्र गाळू नका. नवा 2025 चा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या वर्षांची पत्रं जुन्या कायद्याखालीच येतात.

पळसबन
«३० दिवसांत» ऐवजी «एक महिन्याच्या आत» लिहिलं तर वाचायला सोपं जाईल ना?

पैनगंगा
सोपं जाईल, पण तारीख चुकेल. पत्र १४ डिसेंबरला आलं तर एक महिना १४ जानेवारीला संपतो, ३० दिवस १३ जानेवारीलाच. ताईंच्या शिक्षकांचं पत्र समजा १४ नोव्हेंबर २०२४ ला ईमेलवर आलं. तो दिवस सोडून मोजलं की तिसावा दिवस १४ डिसेंबर. १५ डिसेंबरपासून कलम 220(2) चं व्याज सुरू.

त्या व्याजाच्या वाक्यात बहुतेक जण «दरमहा १%» लिहून मोकळे होतात. मूळ अर्थ «प्रत्येक महिन्यासाठी किंवा महिन्याच्या भागासाठी १%» असा आहे. दुसरा तुकडा गळला की वाचणारा दिवसांच्या हिशेबानं कमी व्याज काढतो. या उदाहरणात २० जानेवारीला पैसे भरले तर एक पूर्ण महिना आणि वर काही दिवस होतात, म्हणजे दोन महिन्यांचं व्याज. शंभराखालची रक्कम सोडून ₹१८,४०० वर महिन्याला ₹१८४, दोन महिन्यांचे ₹३६८. सरळ व्याज आहे, चक्रवाढ नाही, हेही लिहा.

वर्धाकाठ
«एरिअर्स»साठी मी «थकबाकी» लिहिलं होतं. आता बदलावं वाटतं.

सेतू_घाटंजी
बदला ताई. थकबाकी म्हटलं तं मास्तरले वाटते आपल्यावरच बाकी हाय. ते सारे «फरक» म्हनतात.

पैनगंगा
एकदम बरोबर. «पगाराचा फरक» करा. «डिमांड»ला «मागणी» ठेवा. ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या मागणी बिलामुळे तो शब्द लोकांच्या ओळखीचा आहे. कलम 89 ला «सवलत» म्हणा, «सूट» नको. 87A ला लोक «सूट» म्हणतात, दोन्ही एक वाटतील.

पळसबन
मूळ पत्रात «रिक्वेस्टेड» आहे. «विनंती आहे» लिहिलं तर लोक ऐच्छिक समजतील. मी तर सरळ «भरावी» लिहीन.

पैनगंगा
मी «विनंती करण्यात येते» ठेवीन. पत्राचा सूर बदलायचा अधिकार आपला नाही. व्याजाची ओळ लगेच खाली असली की ऐच्छिक नाही हे कळतं.

पळसबन
व्याजाची ओळ किती जण वाचतात? मला हे पटत नाही.

सेतू_घाटंजी
अन् मास्तरनं आता 10E भरला तं पैसे माफ होतात का?

पैनगंगा
आपोआप नाही. 10E भरून कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि तो मान्य होईलच असं नमुन्यात लिहू नका. थकीत मागणीच्या पानावर मागणी मान्य आहे की नाही हे विचारतात. तिथे पूर्ण अमान्य आणि अंशतः अमान्य यांतला फरक मराठीत ठळक हवा. ताई, त्या पर्यायाचं तुमचं वाक्य टाका, आधी ते पाहू.