कांद्याचा भाव ठरवतं कोण?

पुणेकर_ताई: मंडईत कांदा वीसवरून पंचेचाळीसला गेला, मग परत उतरला. मागणी-पुरवठा वगैरे थोतांड, भाव व्यापारीच ठरवतात असं माझं मत. पटतंय का?

लासलगावकर: अर्धं पटतंय. बोली व्यापारीच लावतो, पण हवी ती नाही. समजा सकाळी लिलाव 2200 रुपये क्विंटलने निघाला आणि दुपारी निम्म्या ट्रॅक्टरना बोलीच नाही. म्हणजे त्या भावाला माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी. बोली 1900वर येते. तिथे बिहार-बंगालच्या गाड्या भरायला परवडतं, म्हणून खरेदी वाढते, आणि उन्हाळ कांदावाले काहीजण ट्रॉली परत साठवणीच्या चाळीत नेतात. दोन्हीकडून मेळ बसला की भाव टिकतो.
उलटही होतं. चार दिवस पाऊस, आवक नाही, गाड्या भरायच्या थांबल्यात. मग व्यापारीच एकमेकांवर बोली चढवतात. भाव वाढला की चाळी उघडतात, आवक येते आणि भाव पुन्हा बसतो. ताईंनी पाहिलं ते असंच काही असावं.

खरं_बोलू_का: हे पुस्तकात ठीक आहे हो. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने निर्यातबंदी जाहीर केली आणि भाव लगेच कोसळला. शेतात कांदा एका रात्रीत वाढला का? भाव सरकार ठरवतं!

लासलगावकर: कांदा वाढला नाही, गिऱ्हाईक घटलं. बाहेर जाणारा माल देशातच खपवायचा, तर कमी भावालाच खपणार. सरकारने आकडा ठरवला नाही, मागणीचा एक तुकडा कापला. मे 2024 मध्ये बंदी उठली, तीही 550 डॉलर टनाची किमान अट आणि 40 टक्के शुल्क लावून, म्हणजे तो तुकडा तेव्हा पुरता परत मिळालाच नाही.

येवल्याचा_शेतकरी: ट्रॉली परत नेतात म्हणे! माझा लाल कांदा आहे, चाळीत टिकत नाही. परत नेला तर डिझेल माझं आणि सडणारही माझाच. 600ला दिला, काढणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. कुठे गेला तुमचा मेळ?

लासलगावकर: दादा, मेळ बसला, पण तुमच्या खर्चाच्या खाली. बाजाराला खर्चाशी देणंघेणं नाही, त्या दिवशीच्या मालाशी आहे. पुढच्या हंगामात लागवड घटेल तेव्हा भाव वर सरकेल. पण रोप टाकून माल निघेपर्यंत चार-पाच महिने जातात, आणि चढा भाव पाहून सगळेच लावतात. म्हणून भाव जागेवर येताना दरवेळी पलीकडे घसरतो.

पुणेकर_ताई: ते ठीक, पण तिकडे 600 झाला तेव्हा आमच्या भाजीवाल्याने एक रुपया कमी केला नाही.

खरं_बोलू_का: आणि व्यापारी मिळून लिलावच बंद ठेवतात तेव्हा? तिथे कसली बोली नि कसला मेळ?

लासलगावकर: तिथे तुमचं खरं आहे. बोली लावणारे चारच असतील आणि चारी एकमेकांचे पाहुणे, तर भाव दाबला जातो. किती दिवस दाबता येतो, यावर आमच्याकडे पारावर रोज भांडण होतं.