शब्दचर्चा: ‘किरण किती वळला?’ म्हणजे नेमका कोणता कोन?

शहापूर, बेळगाव (शिकवणी घेते)
घरी दोन मुलं एकाच टेबलावर अभ्यासाला बसतात. माझी मुलगी इथं कन्नड माध्यमात, नि सुट्टीला आलेला भाचा कोल्हापूरला मराठी माध्यमात. दोघांना एकच गणित घातलं: हवेतला किरण ४५ अंशांच्या आपाती कोनानं पाण्यात शिरतो, पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तर किरण किती अंशांनी वळेल? मुलीनं लिहिलं ३२, भाच्यानं लिहिलं १३. दोघांची सूत्रं तपासली, आकडेमोडही तपासली, कुठंच चूक नाही. मग घोटाळा ‘वळेल’ या शब्दात आहे का? शिवाय तिच्या पुस्तकात ‘वक्रीभवन’ नि त्याच्या पुस्तकात ‘अपवर्तन’. हे दोन्ही एकच ना? मी शिकले तेव्हा मराठीतही वक्रीभवनच होतं असं आठवतंय.

निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक
ताई, आधी सोपं सांगतो. वक्रीभवन आणि अपवर्तन एकच. जुन्या मराठी पुस्तकांत वक्रीभवन होतं आणि कन्नडमध्ये आजही तेच आहे. महाराष्ट्राच्या पुस्तकांत आता अपवर्तन आलंय. माझ्या मते अपवर्तन बरं, कारण ‘वक्र’ म्हटलं की मुलं पाण्यात किरणाला धनुष्यासारखा बाक काढतात. अशी आकृती मी वहीत शेकडो वेळा खोडली आहे. किरण हवेत सरळ, पाण्यात सरळ, मोड पडतो तो फक्त पृष्ठभागावरच्या एका बिंदूत.

आता तुमचा खरा प्रश्न. ३२ हा अपवर्तित कोन, म्हणजे पाण्यातला किरण स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेशी, किती कोन करतो तो. १३ हा किरणाच्या मूळ वाटेपासून नव्या वाटेपर्यंतचा कोन. पाणी नसतं तर किरण जसा सरळ गेला असता ती रेषा पुढं वाढवा आणि तिथून मोजा. ४५ वजा ३२ म्हणजे १३. पुस्तकी शब्द विचलन. ‘किती वळला’ या मराठीचा सरळ अर्थ हाच, तेव्हा भाचा बरोबर. पण प्रश्नात ‘वळलेल्या किरणाचा कोन काढा’ असं असतं तर मुलगी बरोबर ठरली असती. मुलीला पूर्ण चूक देऊ नका. तिचं निम्म्याहून जास्त काम झालंय, शेवटची वजाबाकी राहिली एवढंच.

उद्यमबाग, फिटर
सर, एवढं सूत्र कशाला? ४५ ला १.३३ नं भागा, ३३.८ येतं. तुमचं ३२. दीड-दोन अंशांचा फरक, तो तर कोनमापकातच जातो. आमच्या पोराला मी असंच शिकवलंय, त्याचं उत्तर जवळपास येतं.

निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक
तुमच्या पोराला गणितं लहान कोनांची मिळाली असणार. २० अंशाला तुमच्या रीतीनं १५.० येतं, खरं उत्तर १४.९. इथं कुणाला पत्ताही लागणार नाही. आता ८० अंश घ्या. तुमच्या भागाकारानं ६०.२ येईल, खरा कोन आहे ४७.८. हा फरक कोनमापकात जाणार नाही. उत्तर चुकल्याची खूणही लक्षात ठेवा: हवेतून पाण्यात शिरणाऱ्या किरणाचा पाण्यातला कोन ४८.८ च्या पुढं कधी जातच नाही, किरण पृष्ठभागाला अगदी घासून आला तरीसुद्धा. त्याहून मोठं उत्तर आलं की थांबायचं.

तुमची रीत वेडगळ मुळीच नाही. केप्लरनं १६११ साली काचेसाठी, ३० अंशांच्या आत, हाच ठोकताळा वापरला होता. स्नेलला खरा नियम सापडला तो १६२१ च्या सुमारास, आणि ज्येच्या रूपात तो छापून आला १६३७ मध्ये, देकार्तच्या हातून.

भागाकार करायचा तो कोनाचा नाही, ज्येचा. आणि हे समजायला शब्दच मदतीला येतो. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला आपण जीवा म्हणतो. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, ज्या म्हणजेही दोरीच. आर्यभटानं पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी कोष्टकात मांडली, तीच आपली ज्या. अरबीत गेल्यावर जीवेचं ‘जीबा’ झालं, तिथं ते ‘जैब’ असं वाचलं गेलं, आणि जैबचा अर्थ लॅटिनमध्ये उतरवताना ‘सायनस’ झालं. कॅल्क्युलेटरवरचं `sin` बटण म्हणजे आपली धनुष्याची दोरी फिरून घरी आलेली.

तेव्हा एक काम करा. तुम्ही फिटर आहात, कागदावर करून बघा. पाण्याची रेषा आडवी, मधोमध उभी स्तंभिका, छेदबिंदूवर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. वरच्या अर्ध्यात ४५ अंशांचा किरण काढा. तो वर्तुळाला जिथं छेदतो तिथून स्तंभिकेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. ते अंतर १.३३ नं भागा. आलेलं अंतर खालच्या अर्ध्यात, स्तंभिकेच्या दुसऱ्या बाजूला घ्या.

उद्यमबाग, फिटर
केलं. कागदावर नाही, पत्र्यावर निळं लावून केलं, म्हणजे रेघ बारीक येते. वर आडवं अंतर ७.१ सेंटिमीटर भरलं. १.३३ नं भागलं, ५.३. खाली स्तंभिकेपासून ५.३ वर स्तंभिकेला समांतर रेघ मारली. ती वर्तुळाला जिथं कापते तिथं पंच मारला नि मध्यबिंदूला जोडला. कोन ३२ भरला. वरचा किरण पट्टीनं तसाच खाली वाढवला, त्याच्यापासून नव्या रेघेपर्यंत १३. कॅल्क्युलेटर हातात न घेता!

मग ८० अंशांचं पण काढलं. वर ९.८ नि खाली ७.४ आलं, कोन ४८ च्या जरा आत. तेव्हा कळलं. ७० वरनं ८० वर गेलं की वरचं आडवं अंतर फारसं वाढतच नाही, वर्तुळ तिथं उभं होत आलेलं असतंय. मग खालचं कुठनं वाढणार? कोन भागायचा नाही, अंतर भागायचं. पोराला आज संध्याकाळी पत्रा दाखवतो.

खानापूर
मला यातलं फार कळत नाही, पण आमच्या विहिरीचं सांगा. उन्हाळ्यात गाळ काढायच्या आधी वरनं बघितलं तर तळ जवळ दिसतो, नि दोर सोडला की जास्त खोल निघतो. मी कठड्यावरनं बरोबर सरळ खाली बघतो. सर म्हणाले त्या हिशेबानं सरळ खाली म्हणजे कोन शून्य, ज्याही शून्य, मग किरण वळणारच नाही. तरी तळ वर कसा येतो? म्हणजे हे सूत्र विहिरीला लागू नाही ना?

निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक
चांगला प्रश्न आहे, फक्त तो वेगळा आहे. मूळ प्रश्नात उजेड पाण्यात शिरतो. तुमच्या विहिरीत तो तळापासून निघून बाहेर हवेत येतो, आणि तुम्ही विचारताय खोली, कोन नव्हे. सूत्र तेच, दिशा उलटी.

बरोबर उभा आलेला किरण वळत नाही हे खरं. पण एका किरणावरून डोळ्याला अंतर कळत नाही. तळाच्या एका दगडावरून निघालेले, उभ्या रेषेच्या थोडे अलीकडचे-पलीकडचे किरणही डोळ्यात शिरतात. ते बाहेर पडताना किंचित फाकतात, आणि मागं वाढवले तर दगडाच्या वर एका ठिकाणी मिळतात. कोन इतके लहान असतात की इथं उद्यमबागच्या मित्राची भागाकाराची रीत चालून जाते. म्हणून खोली १.३३ नं भागलेली दिसते, म्हणजे पाऊण. चार परुस पाणी असलं तर तळ तीन परुसांवर वाटेल. हे फक्त पाण्यापुरतं. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर आहे तेवढंच दिसतं.

खानापूर
चार परुस पाणी आमच्याकडं श्रावणात असतंय, मे महिन्यात कुठलं! पण दोर सोडून मोजून बघतो. कठड्यावरनं तिरकं बघितलं की तळ अजून वर आल्यासारखा वाटतो, तेही खरंच ना?

निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक
खरं आहे. तिरकं बघताना पाऊण हा हिशेब मोडतो, तळ आणखी उथळ दिसतो. तिथं परत ज्येकडेच जावं लागतं.

चिकोडी, पदवीला भौतिकशास्त्र
सर, आदर ठेवून सांगते, ‘वक्रीभवन’ला तुम्ही जरा जास्तच बाजूला काढलंत. पाण्याच्या पृष्ठभागावर मोड पडतो हे मान्य. पण मावळता सूर्य बघा. वातावरण खाली दाट, वर विरळ, मधे पृष्ठभाग असा नाहीच. तिथं किरणाला खरोखर बाक येतो आणि क्षितिजावरचा सूर्य अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वर उचललेला दिसतो. तिथं वक्र हाच शब्द चपखल आहे. उलट ‘अपवर्तन’ची अडचण म्हणजे ‘परावर्तन’ शेजारीच बसलेलं. परीक्षेत घाईत दोन अक्षरांचा फरक निसटतो. आमच्याकडं कन्नडमध्ये परावर्तनाला प्रतिफलन, म्हणून वक्रीभवनाशी गोंधळ होतच नाही.

निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक
सूर्याचा मुद्दा बिनतोड आहे. परावर्तन-अपवर्तनाचा घोटाळाही मी वर्गात पाहिलाय. तरी दहावीच्या मुलासमोर पहिल्यांदा येतं ते पाणी आणि काच, म्हणून मी अपवर्तनावरच राहीन. तुमचं मत तुम्ही सोडू नका.

शहापूर, बेळगाव (शिकवणी घेते)
दोघांकडूनही वर्तुळाची आकृती काढून घेतली. मुलीच्या वहीत स्तंभिकेला ‘लंब’ आहे, तेवढं समजावलं आणि काम झालं. मधेच फोनच्या कॅल्क्युलेटरवर ४५ ची ज्या ०.८५ आली. भाच्यानंच ओळखलं, कारण आकृतीत १० पैकी ७.१ भरले होते. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर होता.

आता दुसरं गणित अडलंय. एका सराव पत्रिकेत छापलंय, ‘किरण पाण्याशी ३० अंशांचा कोन करून आत शिरतो, तो किती वळेल?’ मागं उत्तर दिलंय ७.९. मुलगी म्हणते पाण्याशी ३० म्हणजे पृष्ठभागापासून ३०, मग लंबापासून ६०. तसं केलं की पाण्यातला कोन ४०.६ आणि वळण १९.४.

निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक
मुलगी बरोबर. ‘पाण्याशी’ याचा अर्थ पृष्ठभागाशी. उत्तर काढणाऱ्यानं ३० हाच आपाती कोन धरला, म्हणून ७.९ आलं. भाषा आणि उत्तर एकमेकांशी जुळत नाहीत.

चिकोडी, पदवीला भौतिकशास्त्र
पण प्रश्न काढणाऱ्याच्या मनात ‘पाण्याशी’ म्हणजे ‘पाण्याजवळ आल्यावर’ असंही असेल. आमच्या बाजूला लोक तसं बोलतात.

उद्यमबाग, फिटर
मग आकृती छापायची होती. ड्रॉइंगशिवाय कोन सांगितला तर आम्ही जॉब मशीनला लावतच नाही, आधी विचारतो, कुठल्या फेसपासून?